दिनविशेष : ३० जानेवारी

२०१४ : मार्शल बेटांपैकी एबोनच्या किनाऱ्याला साल्वादोर अल्वारेंगा हा मच्छीमार लागला. मेक्सिकोहून १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निघताना नेहमीचा साथीदार नव्हता, म्हणून त्याने ऐनवेळी एसेकिएल कोर्दोबा या जवळजवळ अनोळखी तरुणाला सोबत घेतलं होतं. वादळात होडी बुडू नये म्हणून दोघांनी पकडलेली सगळी मासळी समुद्रात फेकली. इंजिन बंद पडलं, रेडिओही. अल्वारेंगाच्या सांगण्यानुसार, पुढे हाताने धरलेले पक्षी, कासवाचं रक्त आणि पावसाचं साठवलेलं पाणी एवढाच आधार उरला. कच्चा पक्षी खाऊन आजारी पडलेल्या कोर्दोबाने अन्नाची धास्तीच घेतली, खाणं सोडलं आणि काही महिन्यांत तो गेला. परतल्यावर अल्वारेंगा मेक्सिकोत जाऊन कोर्दोबाच्या आईला भेटला.