कर्ज-एकत्रीकरण

कर्ज-एकत्रीकरण : क्रेडिट कार्डांची थकबाकी व छोटी कर्जे एकाच नव्या, कमी व्याजाच्या कर्जातून फेडण्याची पद्धत. भारतात कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकते. म्हणजे दीड लाखाच्या थकबाकीवर महिन्याला सुमारे 5,250 रुपये केवळ व्याजापोटी जातात. हीच रक्कम वार्षिक 15 टक्के दराच्या वैयक्तिक कर्जातून 3 वर्षांत फेडली, तर हप्ता सुमारे 5,200 रुपये येतो आणि मुद्दलही संपते. अशा ठिकाणी एकत्रीकरण निश्चित फायद्याचे ठरते.

मात्र दर कमी म्हणजे खर्च कमी, असे नेहमीच होत नाही. मुदतही तितकीच निर्णायक असते. समजा, 18 टक्के दराच्या कर्जाचे 50,000 रुपये वर्षभरात फिटणार आहेत. त्यावर सुमारे 5,000 रुपये व्याज उरते. तेच 15 टक्क्यांनी 5 वर्षांवर नेले, तर हप्ता 4,584 वरून 1,190 रुपयांवर येतो, पण व्याज 21,000 रुपयांच्या पुढे जाते. प्रक्रिया शुल्क वेगळेच. हप्ताच झेपत नसेल तर लांब मुदत रास्त, असा आक्षेप योग्य आहे; पण तो दिलासा विकत घेतलेला असतो. म्हणून तुलना हप्त्यांची नव्हे, तर शेवटपर्यंत भरायच्या एकूण रकमेची करावी. रिकामी झालेली कार्डे पुन्हा वापरून थकबाकी वाढवली, तर जुन्या कर्जाशेजारी नवे कर्ज उभे राहते आणि दरातील बचत व्यर्थ जाते.