चिमटीत पडणारी खळी

माझ्या उजव्या नडगीवर मसुराएवढी एक तपकिरी गाठ आहे. शर्टाचं बटण कातडीखाली शिवून टाकावं तशी ती कडक लागते. घरात तिला ‘डास चावला होता तिथली’ म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी कातडी दाबली आणि गाठ वर येण्याऐवजी आत गेली, मध्ये चक्क खळी पडली. ‘डर्माटोफायब्रोमा. राहू दे,’ म्हणाल्या. मी मात्र त्या शेवटच्या ‘ओमा’लाच अडकलो होतो.

ही गाठ नक्की कुणाच्या कुळातली, यावर पॅथॉलॉजिस्टांचा घोळ फार जुना. पॉल उन्ना या जर्मन त्वचातज्ज्ञाने 1894 मध्ये तिला ‘फायब्रोमा सिम्प्लेक्स’ म्हटलं, म्हणजे तंतूंची साधी गाठ. 1930च्या दशकात कुणाला तिच्यात हिस्टिओसाइट नावाच्या पेशी ठळक दिसल्या, म्हणून ती ‘हिस्टिओसायटोमा’ झाली. 1943 मध्ये ग्रॉस आणि वोलबाख यांचं लक्ष तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांकडे गेलं आणि तिला ‘स्क्लेरोझिंग हिमँजिओमा’ हे आणखी एक नाव मिळालं. खरं तर या सगळ्या गोष्टी कमीजास्त प्रमाणात तिच्यात असतात, ज्याला जे जास्त दिसलं त्याने ते नाव ठेवलं. डास चावण्याचा किंवा काटा टोचण्याचा किस्सा बरेच रुग्ण सांगतात, पण तेच कारण असतं असं सिद्ध झालेलं नाही.

खळीची गोष्ट त्या मानाने ताजी. बोस्टनचे थॉमस फिट्झपॅट्रिक आणि बार्बरा गिलख्रेस्ट यांनी 1977 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ही चिमट्याची युक्ती मांडली. त्वचेचे गोरे-सावळे सहा प्रकार पाडणारे फिट्झपॅट्रिक ते हेच. त्यांच्यापुढचा प्रश्न मेलॅनोमाचा होता. मेलॅनोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, आणि गडद रंगाची, उंचावलेली गाठ पाहिली की डॉक्टरलाही आधी तोच आठवतो. चिमटीत धरल्यावर मेलॅनोमाची गाठ सहसा वर उचलली जाते, ही बटणगाठ मात्र आत बसते. खळीला आज फिट्झपॅट्रिक यांचंच नाव आहे.

खळी पडते याचं कारण गाठीच्या बांधणीत आहे. तिचे व्रणासारखे घट्ट तंतू कातडीच्या आतल्या थरात विणलेले असतात आणि वरच्या पापुद्र्याला खालून धरून ठेवतात. दाबल्यावर भोवतालची मऊ कातडी फुगून वर येते आणि मधला जखडलेला भाग खाली राहतो. तपकिरी रंगही बराचसा गाठीचा नसतो. तिच्यावरचा पापुद्रा जाड होऊन जास्त रंगद्रव्य बनवतो, म्हणून सावळ्या कातडीवर ती जवळजवळ काळी दिसते आणि उगाच घाबरवते.

पण चिमट्यावर सगळी भिस्त टाकणं धोक्याचं. खळी प्रत्येक बटणगाठीत पडत नाही, आणि क्वचित मेलॅनोमातही पडल्याची उदाहरणं आहेत. शिवाय नोड्युलर मेलॅनोमाही उंचावलेला आणि कडकच असतो, त्यामुळे नुसत्या कडकपणावरून काही ठरत नाही. खरा फरक वाढीत दिसतो. माझी गाठ नऊ वर्षं तेवढीच आहे. आठवड्यागणिक वाढत राहणारी, महिना उलटला तरी न थांबणारी, आपोआप रक्त येणारी किंवा चिघळणारी गाठ असेल तर खळी पडो न पडो, तुकडा काढून तपासायलाच हवा.

नावाने फसवणारी एक लांबची नातेवाईकही आहे: डर्माटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स. ती बहुधा धडावर येते, आधी घट्ट चट्ट्यासारखी दिसते आणि वर्षानुवर्षं हळूहळू पसरते. काढल्यावर पुन्हा त्याच जागी उगवण्याची तिला खोड आहे. ‘हळू वाढतेय, म्हणजे काही नसेल’ हा हिशेब इथे चुकतो. सूक्ष्मदर्शकाखाली शंका उरलीच तर पॅथॉलॉजिस्ट सीडी34चा रंग वापरतात. या सार्कोमाच्या पेशी तो बहुधा सगळीकडे घेतात, बटणगाठीच्या पेशी सहसा घेत नाहीत.

बाईंनी डर्मोस्कोपही लावला, म्हणजे कातडीवर टेकवायचं भिंग आणि दिवा. त्यातून मधोमध पांढुरका डाग आणि कडेला तपकिरी नाजूक जाळी दिसली. ‘अगदी पुस्तकातलं चित्र,’ त्या म्हणाल्या. काढायची का, असं मी विचारलंच. नडगीची कातडी ताणलेली असते, त्यामुळे टाके घातले तर व्रण गाठीपेक्षा लांब राहील, असं त्यांनी सांगितलं. दाढीच्या पात्याने तासावी तशी वरवर काढली तर मुळं खाली राहतात आणि गाठ परत येऊ शकते. मी पँटचा पाय खाली सोडला.