लॉग कॅबिन: खालचं कापड गेलं तेव्हा

गेल्या पावसाळ्यात मी आईच्या मशीनवर बारा चौकोन शिवले. सगळ्यांच्या पट्ट्या एकाच मापाच्या, जोडण्याचा क्रमही एकच. प्रत्येक चौकोन साडेआठ इंचांचा व्हायला हवा होता. टेप लावली तर एक सव्वाआठ, दुसरा आठ, आणि एक चक्क पावणेआठ भरला. शेजारी शेजारी मांडले तर कोपरे जुळेनात. माप बरोबर, क्रम बरोबर, तरी उत्तर चूक, म्हणजे बग कुठे आहे? तो शोधता शोधता मी दीडशे वर्षं मागे गेलो.

या नमुन्याचं नाव लॉग कॅबिन. मध्ये एक छोटा चौकोन, आणि ओंडके रचून घर बांधावं तशा त्याच्याभोवती फिरत जाणाऱ्या पट्ट्या. लागून असलेल्या दोन बाजू फिकट, उरलेल्या दोन गडद, त्यामुळे चौकोन तिरका दुभागल्यासारखा दिसतो. मधला तुकडा पुष्कळदा लाल असतो. ती घरातली चूल, असं सांगतात. अमेरिकेत हा नमुना 1860 नंतरच्या काळात घरोघरी पोचला. ओंडक्यांच्या घरात जन्मलेला लिंकन 1860 मध्येच राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला होता, तेव्हा त्या घराला एक वेगळंच वजन आलेलं होतं.

त्या काळच्या बायका पट्टीला पट्टी नुसती जोडत नसत. खाली आधी साध्या सुती कापडाचा चौकोन घेत. त्याच्या मधोमध पहिला तुकडा टाचत, त्यावर पट्टी उलटी ठेवून खालच्या कापडासकट शिवत, मग ती उलटवून बोटाने घडी दाबत आणि पुढची पट्टी घेत. यामुळे रेशीम, लोकर, सुती असं घरात जे उरलंसुरलं असेल ते एकाच चौकोनात चालायचं. निसरडं रेशीम सरकायला बघे, पण खालचं कापड त्याला धरून ठेवी. शेवटी चौकोन किती मोठा, हेही तेच कापड ठरवी. एखादी पट्टी जरा वाकडी गेली तरी चौकोनाचं माप बिघडत नसे. आपल्या गोधडीतही खालचा थर असाच सगळं सांभाळून घेतो. धावदोरा सगळ्या थरांतून जातो, म्हणून आजीला टेप लागत नाही.

1970 च्या दशकात अमेरिकेत क्विल्टची लाट परत आली. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले. पण शिवणाऱ्यांना आता नोकरी सांभाळून शिवायचं होतं. 1978 मध्ये एलिनॉर बर्न्स यांनी एका दिवसात लॉग कॅबिन क्विल्ट शिवण्याचं पुस्तक स्वतःच काढलं. यात युक्ती पट्ट्यांची होती. प्रत्येक तुकडा वेगळा मापून कापायचा नाही. एक लांब पट्टी मशीनखाली धरायची, तिच्यावर एकामागून एक चौकोन ठेवत सलग शिवत जायचं आणि नंतर कात्रीने सुटे करायचे. दुसऱ्याच वर्षी जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचा रोटरी कटर आणला आणि पट्ट्या कापणंही मिनिटांचं काम झालं.

या घाईत खालचं कापड गेलं. ते करत असलेलं काम मात्र कुठेच गेलं नाही. ते शिवणाऱ्याच्या हातावर आलं.

माझ्या चौकोनाचंच गणित बघा. मधला तुकडा अडीच इंच कापलेला, पट्ट्या दीड इंच रुंद, शिवणीची माया पाव इंच. तीन फेऱ्या. आडव्या रेषेत मोजलं तर सात तुकडे आणि त्यांच्यात सहा शिवणी. आता माया पाव इंचाऐवजी फक्त एक सोळांश इंच जास्त गेली असं धरू. शिवणीच्या दोन्ही बाजूंना कापड असतं, म्हणून एका शिवणीत एक अष्टमांश इंच गिळला जातो. सहा शिवणींत पाऊण इंच. साडेआठातून पाऊण गेला की पावणेआठ. सापडला माझा बग! डोळ्यांना न दिसणारी चूक सहा वेळा बेरजेत आली होती.

ती पहिल्या फेरीतच पकडता येते. फेरी संपली की चौकोन साडेचार इंच भरला पाहिजे. सव्वाचार भरला तर तिथेच थांबायचं. त्याहून बरं म्हणजे आधीच दीड इंची तीन पट्ट्या जोडून, दाबून, मधली मोजायची. ती नेमकी एक इंच दिसली पाहिजे. कमी दिसली तर माया दोन-एक धागे कमी घ्यायची, कारण कापड शिवणीवरून वळतानाही थोडं खर्ची पडतं.

मायेनंतर पट्टीचा सरळपणा. कापड दुमडून कापताना पट्टी घडीशी काटकोनात नसेल, तर उघडल्यावर ती घडीच्या जागी उघड्या पुस्तकासारखी वाकते. चौकोनाच्या एका बाजूला असा बाक आला की पुढची प्रत्येक पट्टी त्याच बाकावर बसते. म्हणून तीन-चार पट्ट्या कापल्या की एक उलगडून बघायची आणि वाकली असेल तर कापडाची कड पुन्हा घडीशी काटकोनात छाटायची. शिवताना पट्टी ओढायचीही नाही. ताणलेली पट्टी मशीनमधून सुटली की आखडते आणि चौकोन मध्ये फुगतो.

उरली इस्त्री. मी शर्टावर फिरवतो तशी ती फिरवत होतो. आई मागून म्हणाली, "अरे, फिरवतोस काय? ठेव नि उचल." फिरवलेली इस्त्री पट्टी लांबवते. आधी शिवण बंद असतानाच दाबायची, मग पट्टी उघडून सुलट बाजूने दाबायची. नीट उघडली नाही तर शिवणीपाशी बारीक चुणी राहते आणि तिथेही माप कमी भरतं.

दिशा मात्र एकच: माया कायम बाहेर, नुकत्याच जोडलेल्या पट्टीखाली. मी कधी आत, कधी बाहेर, इस्त्री जाईल तशी दाबली होती. पहिली फेरी झाली की पुढची प्रत्येक पट्टी आधीच्या दोन शिवणींना आडवी जाते. तिथली माया कधी इकडे कधी तिकडे असली की मशीनचे दात ती अर्ध्यात उलटवतात आणि आत पीळ पडतो. वरून दिसत नाही, पण बोट फिरवलं की गाठ लागते. माझ्या बारा चौकोनांपैकी पाचांत अशा गाठी होत्या.

एवढं सगळं कशासाठी, तर शेजारच्या चौकोनाशी जुळावं म्हणून. अलाबामातल्या जीज बेंड या गावातल्या कृष्णवर्णीय बायका याच कुळातला नमुना शिवत आल्या. त्याला त्या हाउसटॉप म्हणतात. 2002 मध्ये त्यांचे क्विल्ट ह्यूस्टनच्या आणि मग व्हिटनीच्या म्युझियममध्ये लागले. त्यांच्या पट्ट्या वाकतात, रुंद-अरुंद होतात, कोपरे सरकतात. पण त्यांचा हाउसटॉप पुष्कळदा एकच चौकोन असतो, अख्ख्या पांघरुणाएवढा. त्याला शेजारीच नाही.

माझे बारा मात्र शेजारी होते. पाच उसवले, बाकीचे पावणेआठवर छाटले. बाहेरच्या पट्ट्या त्यामुळे कुठे रुंद, कुठे अरुंद झाल्या आहेत. उसवलेल्या पाचांसाठी आईने जुन्या मलमलच्या ओढणीचे चौकोन कापून दिले आहेत, खाली घ्यायला.