फरशीचा हिशोब

खोलीच्या मापावरून आणि फरशीच्या आकारावरून किती फरश्या आणाव्या लागतील हे काढण्याची रीत. हिशोबात तीन गोष्टी येतात: जमिनीवर प्रत्यक्ष बसणाऱ्या फरश्या, भिंतीलगत कापताना वाया जाणारा भाग, आणि वाहतुकीत किंवा कापताना फुटणाऱ्या फरश्या. क्षेत्रफळाला फरशीच्या क्षेत्रफळाने भागून वर दहा टक्के धरण्याची पद्धत दुकानात सर्रास चालते. ती अंदाजपत्रकापुरती ठीक आहे. खरेदीसाठी मात्र ओळींचा हिशोब करावा, कारण नासाडी ठरते ती शेवटच्या ओळीत किती जागा उरते त्यावरून, आणि ते क्षेत्रफळात दिसत नाही.

माप. बाजारात ‘दोन बाय दोन’ म्हणून मिळणारी व्हिट्रिफाइड फरशी 600 × 600 मि.मी. असते. पूर्ण दोन फूट म्हणजे 609.6 मि.मी. त्यामुळे एका फरशीत चार नव्हे, सुमारे 3.875 चौरस फूट भरतात आणि चार फरश्यांच्या खोक्यात 15.5. हजार चौरस फुटांच्या कामात चाराने भागले तर 250 फरश्या येतात, खऱ्या लागतात 259. म्हणून हिशोब सुरुवातीपासून मिलिमीटरमध्येच करावा. खोलीचे माप गिलावा झाल्यावर घ्यावे. लांबी आणि रुंदी दोन्ही टोकांना व मध्ये मोजावी आणि त्यांतले मोठे माप धरावे. दोन्ही कर्णही मोजावेत. ते सारखे नसतील तर खोली गुण्यात नाही, आणि कडेची पट्टी एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला अरुंद निघणार. दाराच्या चौकटीखालची जागा बहुतेकदा मोजायची राहते, ती वेगळी मांडावी.

ओळींचा हिशोब. एक खोली घेऊ: 3500 × 3100 मि.मी., म्हणजे साधारण साडेअकरा फूट बाय दहा फूट. फरशी 600 मि.मी., दोन फरश्यांतला सांधा 2 मि.मी. म्हणजे प्रत्येक फरशी 602 मि.मी. जागा घेते.

लांबीत पाच फरश्या 3010 मि.मी. व्यापतात आणि 490 उरतात. रुंदीतही पाच बसतात, पण उरतात फक्त 90. खोलीच्या एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर अखंड फरश्या 25 लागतील. लांबीच्या टोकाला 490 मि.मी.चे पाच तुकडे हवेत. प्रत्येकासाठी एक फरशी कापावी लागते आणि तिची सुमारे 110 मि.मी.ची पट्टी उरते. रुंदीकडच्या 90 मि.मी.च्या पाच पट्ट्या नेमक्या या उरलेल्या तुकड्यांतून निघतात. राहिलेला कोपरा एका फरशीतून होतो. एकूण 31. क्षेत्रफळाने 10.85 चौ.मी. भागिले 0.36 केले तरी उत्तर 30.14, म्हणजे 31 येते. कागदावर हे सुरेख जुळते.

पण कोणताही चांगला मिस्त्री अशी मांडणी करणार नाही. भिंतीलगत 90 मि.मी.ची चिंचोळी पट्टी डोळ्याला खुपते, कापताना तडकते, आणि भिंत थोडी वाकडी असेल तर तिचा वाकडेपणा लगेच उघड होतो. मिस्त्री रुंदीत एक अखंड ओळ कमी करतो आणि उरलेली जागा दोन्ही भिंतींना सारखी वाटतो. आता मध्ये चार अखंड ओळी आणि दोन्ही कडांना सुमारे 344 मि.मी.चे तुकडे. हे तुकडे अर्ध्या फरशीपेक्षा मोठे असल्याने एका फरशीतून एकच निघतो. मोजणी अशी होते: अखंड 20, कडेच्या तुकड्यांसाठी 10, लांबीच्या टोकाला 4, कोपऱ्यांना 2. एकूण 36. क्षेत्रफळावर दहा टक्के वाढवून 34 फरश्या आणल्या असत्या तर काम दोन फरश्यांवाचून अडले असते, आणि त्यात एकही फुटलेली धरलेली नाही.

या रीतीचा गाभा एवढाच: कडेचा तुकडा निम्म्याहून लहान असेल तर एका फरशीतून दोन निघतात, आणि निम्म्याहून मोठा असेल तर प्रत्येक तुकड्याला अख्खी फरशी जाते. फरशी जितकी मोठी तितका हा फटका मोठा. याच खोलीत 300 मि.मी.ची फरशी लावली आणि प्रत्येक तुकड्याला अख्खी फरशी धरली तरी 132 पुरतात, म्हणजे क्षेत्रफळापेक्षा साडेनऊ टक्के जास्त. 600 मि.मी.च्या 36 फरश्यांत ही वाढ साडेएकोणीस टक्के आहे. फरश्या तिरप्या, 45 अंशांत लावल्या तर चारही भिंतींना त्रिकोणी तुकडे येतात, म्हणून तिथे नासाडी आणखी वाढते.

स्कर्टिंग. उरलेले तुकडे टाकून देण्यापूर्वी भिंतीच्या पट्टीचा विचार करावा. या खोलीचा परीघ 13.2 मी. आहे. 0.9 मी.चे दार वजा केले तर 12.3 मी. राहतात, म्हणजे 600 मि.मी. लांबीच्या सुमारे 21 पट्ट्या. पट्टीची उंची 95 मि.मी. धरली तर 344 च्या दहा तुकड्यांमागे उरलेल्या, सुमारे अडीचशे मि.मी. रुंदीच्या दहा तुकड्यांतून प्रत्येकी दोन आणि 490 च्या चार तुकड्यांमागच्या पट्ट्यांतून प्रत्येकी एक, अशा 24 पट्ट्या मिळतात. वेगळी फरशी लागतच नाही. पहिल्या, 31 च्या मांडणीत मात्र स्कर्टिंगसाठी आणखी तीन फरश्या मोडाव्या लागतात, म्हणजे खरा आकडा 34. देखण्या मांडणीचा जास्तीचा खर्च पाचवरून दोन फरश्यांवर आला. यासाठी काम चालू असताना मोठे तुकडे ढिगाऱ्यात जाऊ देऊ नयेत. स्कर्टिंगची वरची कड दिसते, म्हणून तिथे कारखान्याची कड ठेवावी. ज्या पट्टीच्या दोन्ही लांब कडा कापलेल्या असतील तिची वरची कड घासून घ्यावी.

फूट आणि शिल्लक. फूट सगळ्या फरश्यांवर सारखी होत नाही. अखंड लागणारी फरशी क्वचितच जाते, तीही बहुधा कोपरा उडालेली असते आणि कापायच्या तुकड्यासाठी चालून जाते. धोका आहे तो कापकामात, विशेषतः चौकटीभोवती ‘एल’ आकार काढताना किंवा नहाणीच्या जाळीसाठी भोक पाडताना. म्हणून टक्केवारी एकूण फरश्यांवर न लावता किती फरश्या कापल्या जाणार आहेत ते पाहावे. वरच्या मांडणीत 16 फरश्या कापल्या जातात. त्यांसाठी दोन जास्त धरणे पुरेसे आहे. पुढे नळ दुरुस्तीसाठी किंवा एखादी फरशी तडकली तर बदलण्यासाठी आणखी दोन ठेवाव्यात. 36, 2 आणि 2 मिळून 40, म्हणजे बरोबर दहा खोकी.

घरात सलग खोल्यांना एकच फरशी असेल तर प्रत्येक खोलीची ओळींची मोजणी वेगळी करावी, पण फुटीची वाढ आणि खोक्यांची गोळाबेरीज एकदाच, शेवटी करावी. प्रत्येक खोलीला खोकी वरच्या अंकाला नेली तर पाच खोल्यांत विनाकारण दहा-बारा फरश्या जास्त होऊ शकतात.

सगळी खोकी एकाच वेळी घ्यावीत आणि त्यांवरचा शेड व बॅच क्रमांक सारखा आहे का ते गाडीतून उतरवतानाच तपासावे. वेगवेगळ्या भाजणीच्या फरश्यांत रंगाची छटा आणि कधी मापही किंचित वेगळे येते, आणि हे फरक शेजारी-शेजारी लावल्यावरच दिसतात. न उघडलेली खोकी दुकानदार परत घेतो का हे पैसे देण्यापूर्वी ठरवून घ्यावे.