इव्हेंट डे चेकलिस्ट (लग्नसमारंभ)

कार्यक्रमाच्या दिवशी कोणती वस्तू, कोणता माणूस आणि कोणता विधी किती वाजता तयार हवा, याची वेळेच्या क्रमाने लावलेली यादी. इव्हेंट कंपनीत ती सहसा अनुभवी प्लॅनर तयार करतो. ती घेऊन दिवसभर फिरणारा आणि व्हेंडरना फोन लावणारा मात्र बहुधा इंटर्न असतो. या नोंदीत लॉनवरचे, दुपारच्या मुहूर्ताचे महाराष्ट्रीय लग्न गृहीत धरले आहे, कारण बाकी सगळे मागेपुढे सरकले तरी तिथे मुहूर्त सरकत नाही.

यादी मुहूर्तापासून उलटी मोजत लिहितात. मुहूर्त १२.३२ चा असेल आणि मंगलाष्टकांना पंधरा मिनिटे धरली, तर सव्वाबाराला वधू-वर अंतरपाटाशी उभे हवेत. म्हणजे मामा मुलीला आणायला १२.०५ ला गौरीहराशी पोचले पाहिजेत, आणि त्याआधी अकराच्या सुमारास मेकअप संपून ती पूजेला बसलेली हवी. तिथून मागे जात मेकअप आर्टिस्टची गाडी सकाळी सातला दारात हवी, असे निघते. मेकअपला अर्धा तास जादा धरावाच. उशीर व्हायला तिथूनच सुरुवात होते.

व्हेंडरना पहिला फोन आदल्या संध्याकाळी करतात. त्यात वेळ, लॉनचे मागचे गेट आणि किती माणसे येणार हे पुन्हा वदवून घ्यायचे, आणि मुख्य म्हणजे गाडीचा नंबर व ड्रायव्हरचा मोबाइल मागून ठेवायचा. सकाळी फोन मालकाला न करता ड्रायव्हरला करतात. मालक “निघालीय गाडी” म्हणतो, तेव्हा ती बऱ्याचदा गोडाऊनमध्येच भरत असते. “निघालात का?” या प्रश्नाला उत्तर ठरलेले आहे; “आत्ता कोणत्या चौकात आहात?” असे विचारले की खरे कळते. साउंडचा टेम्पो आठला हवा असेल आणि साडेसातलाही ड्रायव्हरला चौक सांगता येत नसेल, तर ते त्याच क्षणी प्लॅनरच्या कानावर घालायचे. आणखी दोन फोन करून पाहण्यात गेलेली वीस मिनिटे परत मिळत नाहीत. पर्यायी साउंडवाल्याला बोलावणे हा पैशाचा निर्णय आहे आणि तो इंटर्नने घ्यायचा नसतो.

यादीवरची खूण डोळ्यांनी पाहिल्यावरच करतात. “माइक आले” यावर खूण होत नाही. दोन्ही कॉर्डलेस माइक स्टेजवरून, पंखे चालू असताना, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आले की होते. त्यांचे सेल बाराच्या आधी बदलून घ्यावेत. सकाळच्या विधींत गुरुजींचा माइक चालूच असतो आणि मंगलाष्टके म्हणणाऱ्या आत्यांच्या हाती तोच पडतो.

जागेवरच्या कामाचा सगळ्यात नाजूक भाग शेवटच्या अर्ध्या तासात येतो. घड्याळ गुरुजींचे प्रमाण मानतात. इंटर्नने आपला मोबाइल सकाळीच त्यांच्या घड्याळाशी ताडून पाहावा. बाराला अक्षता वाटायला मुले निघतात. बँड मांडवाबाहेर असतो, त्याला अंतरपाट दिसत नाही. म्हणून एक जण गुरुजींजवळ आणि दुसरा बँड मास्टरजवळ वॉकीटॉकी घेऊन उभा राहतो. शेवटच्या मंगलाष्टकाच्या आरंभी “तयार” आणि अंतरपाट बाजूला होताच “वाजवा”, एवढे दोनच शब्द त्या चॅनलवर जावेत. पार्किंगची तक्रार त्याच वेळी त्याच चॅनलवर आली, तर बँड एक कडवे आधीच सुरू होतो. पार्किंगला वेगळा चॅनल द्यावा तो यासाठी.

अक्षता पडल्या की मंडळी एकदम जेवणाकडे वळतात आणि इंटर्नच्या वाट्याला प्लेट काउंट येतो. केटररचे बिल प्लेटवर असते, आणि ठरलेल्या किमान आकड्याहून कमी जेवले तरी तेवढे पैसे द्यावे लागतात. काउंटर उघडण्याआधी केटररचा सुपरवायझर आणि घरचा एक जण यांच्यासमोर गठ्ठे मोजतात. समजा ६५० प्लेट मांडल्या आणि अखेरीस १८० कोऱ्या उरल्या, तर ४७० वापरल्या गेल्या. हा आकडा पाहुण्यांचा असेलच असे नाही. दुसऱ्यांदा वाढून घेणारा नवी प्लेट उचलतो, आणि फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर हेही त्याच गठ्ठ्यातून घेतात. त्यामुळे त्यांची पाने कुपनवर वेगळ्या काउंटरला लावतात. उलटी गडबडही होते: धुतलेली प्लेट परत गठ्ठ्यात आली, की दोघे जेवूनही मोजणीत एकच धरला जातो, शिवाय तीच अखेरीस कोरी म्हणून मोजली जाऊ शकते. गठ्ठ्यातल्या प्लेटच्या कडेला पाणी दिसले, की हे चालू आहे असे समजावे आणि धुतलेल्या प्लेट वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायला लावाव्यात. आकड्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या केटररचा टेम्पो भरायला लागण्याआधी घेतात. गठ्ठे एकदा गाडीत गेले की वाद मिटवायला काहीच हाती राहत नाही.