सूक्ष्म कृमी आणि चुलीवरचा विस्तव

इ. स. १८६० च्या जानेवारी महिन्यात जर्मनीतील ड्रेस्डेन येथील रुग्णालयात सुमारे वीस वर्षांची एक मोलकरीण दाखल झाली. तिला ताप होता, अंग विलक्षण दुखत होते आणि हातपाय हलविणेही तिला असह्य होई. वैद्यांनी विषमज्वराचे निदान केले. २७ जानेवारीस ती मरण पावली. शवपरीक्षेचे काम फ्रीडरिख त्सेंकर या विकृतिशास्त्रज्ञाकडे आले. विषमज्वरात स्नायूंचा कसा ऱ्हास होतो हे पाहावे, एवढ्याच हेतूने त्याने तिच्या दंडाच्या मांसाचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. ऱ्हासाऐवजी त्याला तेथे असंख्य जिवंत कृमी वेटोळी घालून पडलेले दिसले.

हा कृमी अगदीच अनोळखी नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी, १८३५ साली, लंडनमध्ये जेम्स पॅजेट नावाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदन करताना मांसात चुनखडीसारखे बारीक पांढरे ठिपके आढळले होते. त्या ठिपक्यांवर शस्त्रांची धार बोथट होते, एवढाच त्यांचा परिचय तोवर होता. पॅजेटने ठिपका भिंगाखाली नेला व आत गुंडाळून बसलेला कृमी पाहिला. रिचर्ड ओवेन याने त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास ‘ट्रायकिना’ हे नाव दिले. पुढे ते नाव ‘ट्रायकिनेला’ असे झाले. १८४६ साली अमेरिकेत जोसेफ लायडी याला तोच कृमी डुकराच्या मांसात सापडला. परंतु हे सारे निरुपद्रवी कुतूहल आहे, अशीच पंडितांची समजूत होती. मांसातील ते ठिपके म्हणजे मनुष्याला मारणाऱ्या रोगाची खूण आहे, हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

त्सेंकरचे मोठेपण असे, की तो शवापाशी थांबला नाही. मुलगी ज्या घरी कामाला होती तेथे त्याने चौकशी केली. नाताळापूर्वी, २१ डिसेंबरला, त्या घरी एक डुक्कर मारले होते. त्यानंतर घरातील इतर माणसेही आजारी पडली होती आणि डुक्कर कापणारा खाटीकही अंथरुणास खिळला होता. त्या जनावराची मांडी व त्याच्या मांसाची कुलमे घरात अजून शिल्लक होती. त्सेंकरने ती तपासली, तेव्हा त्यांत तेच कृमी कोशात बंद होऊन पडलेले दिसले. मुलीच्या आतड्यातही त्याला पूर्ण वाढलेले नर-मादी मिळाले. जेवणाचे ताट, आतडे आणि स्नायू या तिन्ही जागा प्रथमच एका सूत्रात गोवल्या गेल्या.

ते सूत्र समजून घेतल्यावाचून चुलीचे महत्त्व कळणार नाही. मांसातील कृमी बाल्यावस्थेत असतो. तो स्नायूच्या एका तंतूलाच आपले घर बनवितो व त्यात वर्षानुवर्षे जिवंत राहतो. असे मांस कोणी अर्धकच्चे खाल्ले, की जठरातील आम्लाने कोश विरघळतो. मोकळा झालेला कृमी लहान आतड्यात जाऊन काही दिवसांतच प्रौढ होतो. मादी अंडी घालीत नाही. ती शेकडो जिवंत पिले प्रसवते. ही पिले रक्तावाटे साऱ्या देहात पसरतात आणि स्नायूंत शिरतात. म्हणून आजाराला दोन अंक असतात. पहिल्या अंकात एक-दोन दिवसांत पोटदुखी, ओकारी, ढाळ. दुसऱ्यात दोन-तीन आठवड्यांनी ताप, पापण्यांवर सूज आणि स्नायूंची तीव्र वेदना. पिले हृदयास वा मेंदूस पीडा देऊ लागली म्हणजे प्राणावर बेतते. या मधल्या अंतरामुळेच रोगी आपल्या दुखण्याचा संबंध त्या जेवणाशी लावीत नाही, व वैद्यही फसतो. आज अल्बेंडाझोलसारखी औषधे आहेत. पण कृमी आतड्यात असतानाच ती खरी गुणकारी ठरतात. स्नायूत ठाण मांडून बसलेल्याला हुसकणे अवघड.

त्सेंकरच्या शोधानंतर पाच वर्षांनी हेडर्सलेबेन या प्रशियन गावावर मोठा घाला आला. १८६५ साली तेथे ३३७ माणसे या रोगाने आजारी पडली व त्यांतील १०१ मरण पावली. त्या प्रदेशात कच्चे खिमट मांस पावाला लावून खाण्याची आवड होती, हेच त्या संहाराचे कारण. रुडोल्फ फिरखो याने मांसतपासणीची चळवळ नेटाने चालविली आणि १८७७ साली प्रशियात प्रत्येक डुकराची सूक्ष्मदर्शकाने तपासणी सक्तीची झाली. यासाठी हजारो तपासनीस तयार झाले. श्वासपटलाच्या स्नायूतून ओटच्या दाण्याएवढे तुकडे कापावयाचे, दोन जाड काचांमध्ये ते पारदर्शक होईपर्यंत दाबावयाचे आणि एकेक तुकडा भिंगाखाली न्याहाळावयाचा, हे त्यांचे नित्यकर्म. श्वासपटलच का? तर हा कृमी सदैव राबणाऱ्या स्नायूंत अधिक वस्ती करतो.

अमेरिकेने दुसरा मार्ग पत्करला. जर्मनीने १८८० च्या सुमारास अमेरिकन डुकराचे मांस रोगट म्हणून अडविले, तेव्हा निर्यातीपुरती तपासणी तेथे सुरू झाली व १८९१ साली बंदी उठली. परंतु देशात खपणाऱ्या मांसाची अशी तपासणी कधीच सक्तीची झाली नाही. सारा भार गृहिणीच्या चुलीवर टाकण्यात आला. १९१९ साली रॅन्सम व श्वार्ट्झ यांनी प्रयोगाने दाखविले, की मांस पुरेसे तापले, की कृमी मरतात. तरीही १९३६ ते १९४१ या काळात शवांच्या श्वासपटलांची मोठी पाहणी झाली, तेव्हा दर सहा अमेरिकन माणसांमागे सुमारे एकाच्या देहात हा कृमी आढळला. चुलीवर सोपविलेले काम नेहमी पुरे होत नव्हते.

रोग खरा हटला तो डुकराच्या गोठ्यात. हॉटेलांतील उष्टे-खरकटे, त्यातील कच्च्या मांसाचे तुकडे आणि मेलेले उंदीर डुकरांच्या पोटी जात. कृमीची साखळी त्यातून चालू राही. १९५२ साली डुकरांतील एका वेगळ्याच साथीमुळे खरकटे उकळल्यावाचून डुकरांस घालू नये असे कायदे तेथे होऊ लागले आणि १९८० साली तो नियम देशव्यापी झाला. उंदरांचा बंदोबस्त व बंदिस्त गोठे यांची त्याला जोड मिळाली. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत तेथे वर्षाला सरासरी सुमारे सोळा रोग्यांचीच नोंद झाली. त्यांतील बहुतेक वन्य पशूंचे मांस खाणारे होते. युरोपने भिंगाऐवजी पचनाची रीत स्वीकारली. शंभर डुकरांचे प्रत्येकी एक ग्रॅम मांस एकत्र करून ते पेप्सिन व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ऊन पाण्यात अर्धा तास ढवळतात. जठराचेच काम भांड्यात होते. मांस विरघळते व तळाशी उरलेले कृमी मोजता येतात.

गोठ्याला भिंत घालता येते. रानाला ती घालता येत नाही. रानडुक्कर, अस्वल यांसारखे प्राणी मेलेल्या जनावरांचे मांस खातात, आणि कृमीची साखळी तेथे अखंड राहते. १८६० चे प्रकरण जुने झाले असे कोणास वाटत असेल, तर त्याने २०२२ ची घटना पाहावी. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात एका कुटुंबाचा मेळावा भरला होता. कॅनडातील सस्कॅचेवान येथे मारलेल्या काळ्या अस्वलाचे मांस घरच्या शीतकपाटात ४५ दिवस गोठवून ठेवले होते. त्याचे तुकडे भाज्यांसह सळईवर भाजण्यात आले. मांसाचा मूळ रंगच काळसर. ते शिजले की नाही हे नजरेस कळेना, आणि काहींनी ते कच्चेच खाल्ले. खाताना शंका आल्यावर मांस पुन्हा भाजले, पण तोवर उशीर झाला होता. सहा जण या रोगाने आजारी पडले व तिघांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्या सहांतील दोघांनी मांसाला स्पर्शही केला नव्हता. त्यांनी केवळ त्या मांसाबरोबर शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या.

या एका प्रसंगात चार धडे आहेत. पहिला, गोठविण्यावर विसंबू नये. पाळीव डुकराच्या मांसाचे सहा इंचांहून कमी जाडीचे तुकडे शून्याखाली १५ अंशांवर २० दिवस ठेवले तर त्यातील कृमी मरतो. पण उत्तरेकडील अस्वलांत आढळणारी जात हिमाला पुरून उरते. दुसरा, रंग ही खूण खोटी. मांस आतून गुलाबी नाही म्हणून ते शिजले असे होत नाही. तुकड्याच्या सर्वांत जाड भागी, हाडापासून दूर, तापमापक खुपसून पाहावे. वन्य मांस आणि खिमा ७१ अंशांस पोचला पाहिजे. पाळीव डुकराच्या सबंध तुकड्याला ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटे विसावा पुरतो. तिसरा, मीठ, धूर आणि उन्हाची सुकवण यांनी मांस टिकते, कृमी मरेलच असे नाही. चौथा, कच्च्या मांसाची सुरी, पाट व भाजी वेगळी ठेवावी. बारीक तुकडे रश्शात चांगले उकळले तर भय नाही. भय आहे ते जाड तुकडा विस्तवावर वरवर खरपूस करून आत कच्चा ठेवण्यात.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हे मांस येतच नाही, हे आम्ही जाणतो. मनुस्मृतीने गावडुक्कर निषिद्ध ठरविले व श्राद्धात रानवराहास मात्र मान दिला. हा भेद शुचिर्भूतपणाच्या कल्पनेतून आला असावा. कृमीचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या दृष्टीने बंदिस्त गोठ्यातले स्वच्छ जनावर निर्धोक आणि रानातले मुक्त जनावर संशयास्पद. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा घातला आहे. तरी गोव्याच्या व बेळगावच्या रानकडेच्या गावांत रानडुकराचे मांस कोणाच्या पानात पडले, तर मुरलेल्या शिकाऱ्याच्या शब्दापेक्षा रटरटणाऱ्या रश्शावर भिस्त ठेवावी.

शाकाहाऱ्यासही एक गोष्ट सांगितली पाहिजे. डुकराच्या मांसातील दुसरा कृमी, पट्टकृमी, हा आपल्या देशात अधिक उपद्रवी आहे. त्याने मेंदूत गाठी होतात व फेपरे येते. पण त्या गाठी मांस खाल्ल्याने होत नाहीत. ज्याच्या आतड्यात पट्टकृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतून अंडी पडतात आणि ती न धुतलेल्या भाजीवरून वा हातावरून दुसऱ्याच्या पोटात जातात. त्यांपासून मेंदूत गाठी होतात. म्हणजे ज्याने आयुष्यात मांसाचा घास घेतला नाही, त्यालाही हा रोग गाठू शकतो. ट्रायकिनेलाला चूल आवरते. पट्टकृमीला चुलीबरोबर शौचकूप आणि धुतलेले हात लागतात. ड्रेस्डेनच्या त्या मुलीला या दोन्हींतले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. तिच्या मालकाच्या घरातील मांडीचा तो तुकडा आणखी काही वेळ उकळला असता, तर त्या घरचा नाताळ वेगळा गेला असता.