साष्टी नेमकी कोणती?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतल्या जुन्या घरांत मोडीतली पत्रे अजून निघतात. ती वाचून घ्यायला येणारी माणसे बहुधा एकच तक्रार करतात: ‘पत्र आमच्या घरात सापडले खरे, पण त्यात आमच्या गावाऐवजी कुठल्या तरी साष्टीचे नाव आहे.’ साष्टी म्हणजे त्यांचेच गाव, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची सारी उपनगरे ज्या बेटावर वसली, ते बेट साष्टी. इंग्रजी अमलात पत्रावर ‘तालुके साष्टी, जिल्हे ठाणे’ असे लिहीत. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये झाला, १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्या घडामोडींत साष्टी हा शब्द लोकांच्या बोलण्यातून निघून गेला आणि कागदांत तेवढा उरला.

शब्दाची व्युत्पत्ती ‘षट्षष्टी’पासून, म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, अशी सांगतात. आता गोव्यातले मडगाव ज्यात येते तो तालुका आठवा. त्याचे नाव सासष्टी, आणि त्याचीही व्युत्पत्ती तीच. पोर्तुगीजांनी दोन्ही मुलखांना जवळजवळ एकाच नावाने हाक मारली. मोडी कागदांत या नावांची रूपे इतकी जवळ येतात की नुसत्या अक्षरांवरून ठाण्याची साष्टी कोणती आणि मडगावची कोणती हे ठरवता येत नाही. पेशवाईतल्या एका ठरावीक काळातले पत्र हाती आले की हा प्रश्न फार अवघड होतो. त्या काळाकडे येण्याआधी मोडी वाचताना शंका कुठे उभी राहते ते पाहू.

मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. लेखणी कमीत कमी वेळा उचलायची असल्याने अक्षरे एकमेकांना जोडली जात. दोन शब्दांच्या मध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ हा भेद नाही. अनुस्वार बहुतेक वेळा दिलेला नसतो. म्हणजे वाचणाऱ्याला अक्षर ओळखून भागत नाही, शब्द कुठे तोडायचा आणि कुठे अनुस्वार घालायचा हेही त्यालाच ठरवावे लागते. पत्राचा अर्थ बदलतो तो बहुतेक वेळा याच जागी.

नमुन्यासाठी एक ओळ घेतो. ती मी जुळवलेली आहे, मात्र तिच्यातला प्रत्येक शब्द साष्टीतल्या शेतीच्या पत्रांत येणारा आहे. कागदावर ती अशी दिसेल:

खारिचाबाधफुटोनखाडपडलिऐवजपाठविलानाहितरपिकजाते

पहिली तोड सोपी आहे: ‘खारीचा बांध’. खाडीच्या भरतीचे पाणी बांध घालून अडवले आणि आतली जमीन भाताखाली आणली की तिला खार म्हणत. मुलुंड, भांडुप, कांजूर या पट्ट्यात अशा जमिनीच्या शेजारीच मिठागरे होती. ‘बाध’ म्हणजे अडथळा असाही शब्द मराठीत आहे, पण बाध फुटत नाही. तेव्हा इथे अनुस्वार गृहीत धरून ‘बांध’ वाचायचे.

पुढचा शब्द जास्त फसवा आहे. ‘खाड’ असे दिसल्यावर नवा वाचक म्हणतो, लेखकाची वेलांटी राहिली असणार, हे ‘खाडी’ आहे. शेजारीच खाडी असल्याने त्याला ते पटतेही. पण क्रियापद पाहा: ‘पडली’. खाडी भरते, ओसरते, पण पडत नाही. पडते ती खांड. बांधाला पडलेले भगदाड, ज्यातून खारे पाणी शेतात घुसते, त्याला खांड म्हणतात. एक अनुस्वार परत आणला की वाक्यात बसणारा शब्द मिळतो, लेखकावर चूक लादावी लागत नाही. दोन वाचनांत निवड करायची वेळ आली तर ज्यात लेखकाला कमीत कमी दोष द्यावा लागतो ते आधी धरावे, हा नियम मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मिठाच्या हिशोबातही असेच होते. ‘दोन खडी’ दिसले की खडीचा ढीग डोळ्यांपुढे येतो, पण तिथे अनुस्वार घालून खंडी वाचावी लागते. खंडी म्हणजे वीस मण.

आता उरलेला भाग: ‘ऐवजपाठविलानाहितरपिकजाते’. दोन तोडी होतात. ‘ऐवज पाठविला नाही, तर पीक जाते’ म्हणजे पैसे आलेले नाहीत, लवकर पाठवा, नाहीतर भात हातचे जाईल. दुसरी तोड: ‘ऐवज पाठविला, नाहीतर पीक जाते’ म्हणजे पैसे वेळेवर मिळाले, न मिळते तर पीक गेले असते. हे दुसरे वाचन ओढूनताणून केलेले नाही, कारण जुन्या गद्यात ‘जाते’ हे रूप ‘गेले असते’ या अर्थाने सहज येते. एका वाचनात मागणी आहे, दुसऱ्यात पोच. अक्षर एकही वेगळे नाही. घरात भाऊबंदकीचा जुना दावा असेल तर या एका तोडीवर कुणी पैसे बुडवले आणि कुणी दिले हे ठरते.

याचा निकाल ओळीत मिळत नाही, तो पुढच्या-मागच्या मजकुरात शोधावा लागतो. पुढे बांध बांधून झाल्याचा हिशोब असेल, मजूर आणि माती यांचा खर्च लिहिला असेल, तर ऐवज पोहोचला होता. पुढे ‘सत्वर रवानगी करावी’ असा मजकूर असेल तर पोहोचला नव्हता. पत्र फाटून तेवढीच ओळ उरली असेल तर दोन्ही वाचने द्यावीत. आपल्याला आवडणारे एक छापून मोकळे होणे हा वाचकावरचा अन्याय आहे.

साष्टीचा प्रश्नही याच रीतीने, पण जास्त मोठ्या पटावर सुटतो. मराठ्यांनी ठाणे घेऊन साष्टीत पाय रोवला तो १७३७ मध्ये, आणि चिमाजी आप्पांनी वसई घेतली ती मे १७३९ मध्ये. वसईला वेढा चालू असतानाच, पोर्तुगीजांना गोव्याहून मदत पाठवता येऊ नये म्हणून, व्यंकटराव घोरपडे यांची फौज गोव्याच्या सासष्टीत शिरली होती. जानेवारी १७३९ मध्ये तिने मडगाव घेतले आणि राचोलच्या किल्ल्याला वेढा दिला. म्हणजे त्या वर्षी दोन्ही साष्टींत मराठ्यांच्या फौजा होत्या. ‘साष्टीकडील फौजेस दारूगोळा पाठविणे’ अशा आशयाचा कागद त्या वर्षीचा असेल तर तो ठाण्याच्या बाजूचा की मडगावच्या? तोच कागद १७३७ चा असेल तर प्रश्न उरत नाही, कारण गोव्यातली मोहीम तेव्हा सुरू झालेली नव्हती.

म्हणून तारीख वाचायची. ती अंकांत नसते. वर्ष सुहूर सनात, अरबी संख्यानामांनी लिहिलेले असते: आधी एकक, मग दशक, मग शतक आणि सहस्र. ‘सबा सलासीन मया व अलफ’ म्हणजे सात, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३७. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३९. हे शब्द माहीत नसले तर ‘मया’ वाचून कुणी माया धरतो, ‘समान’ वाचून सारखे असा अर्थ करतो. ‘समान’ म्हणजे इथे आठ. हे वर्ष सूर्य मृगात शिरतो तेव्हा बदलते, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. त्यात ५९९ मिळवले की वर्षाच्या पहिल्या भागाचा इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून पुढे मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११३७ म्हणजे १७३६-३७ आणि ११३९ म्हणजे १७३८-३९.

दोन साष्टींमधला फरक आता ‘सबा’ आणि ‘तिसा’ यांच्यावर आला. कसरीने पहिले अक्षर खाल्ले असेल तर उरलेले शेवटचे अक्षर ‘बा’ की ‘सा’, एवढ्यावर सगळे येऊन थांबते. घडीच्या रेघेवर शाई उडालेली असेल तर तेही दिसत नाही, आणि घड्या नेमक्या मजकुरातूनच जातात. अशा वेळी सनाच्या जोडीला लिहिलेली तिथी उपयोगी पडते. ‘छ १५ जिल्हेज’ असे असेल तर त्यातला ‘छ’ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याची तारीख. हिजरी महिने दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात. त्यामुळे हीच तिथी ११३७ मध्ये एप्रिल १७३७ च्या मध्यावर पडते आणि ११३९ मध्ये मार्च १७३९ च्या अखेरच्या आठवड्यात. पत्रात वार दिलेला असेल तर दोन्ही दिवसांचे वार काढून पाहायचे. जो जुळतो ते वर्ष. पण चंद्रदर्शनामुळे एका दिवसाची चूक होऊ शकते, म्हणून वाराचा पुरावा मी जोडीला घेतो, एकट्यावर विसंबत नाही.

वर्ष ११३९ निघाले तर मग मजकुरातली गावे मोजायची. ठाणे, मरोळ, वेसावे, वांदरे यांतले एखादे जरी असले तरी ती आपली साष्टी. मडगाव, राचोल, कुंकळ्ळी असतील तर ती गोव्याची. माणसांची नावेही बोलतात. घोरपड्यांच्या फौजेची बातमी दक्षिणेकडची, चिमाजी आप्पांच्या मोर्च्यांची बातमी उत्तरेकडची. इथे अनुस्वार पुन्हा आडवा येतो, कारण वांदरे हे ‘वादरे’ असे लिहिलेले असते आणि मोडीशी परिचय नसलेला संपादक त्याला एखादे वेगळेच गाव समजून सूचीत टाकतो.

असे पत्र आजच्या मराठीत आणताना ‘साष्टी’च्या जागी ‘मुंबई उपनगर’ लिहावे, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. १७३९ मध्ये मुंबई इंग्रजांची होती आणि साष्टी माहीमच्या खाडीपलीकडचा वेगळा मुलूख होता. ‘मुंबई’ हा शब्द त्या वाक्यात आला की पत्रातली फौज इंग्रजांच्या हद्दीत शिरल्यासारखी दिसते. इंग्रजांनी साष्टी जिंकली ती १७७४ च्या अखेरीस, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. त्या आधीच्या पत्रात मूळ शब्दच ठेवावा आणि खाली एक टीप द्यावी: ठाण्याची साष्टी, आजची उपनगरे. ज्या पत्रात सन वाचता येत नाही आणि एकही गाव ओळखता येत नाही, तिथे टिपेत दोन्ही साष्टी लिहाव्यात आणि ‘तिसा’ की ‘सबा’ हा प्रश्न चौकटी कंसात उघडा ठेवावा. पुढे त्याच दप्तरात या पत्राचे उत्तर सापडले तर ते वाचणाऱ्याला नेमके कुठे पाहायचे हे त्यामुळे कळेल.